नुसता आकडा सांगा, बाई

रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्याला वाचून दाखवणे या कामाबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे, ते आज मांडते. मत असं : रिपोर्ट वाचून दाखवणाऱ्याने आकडा सांगावा, त्या आकड्याशेजारी छापलेली मर्यादा सांगावी आणि तिथे थांबावं. "तुम्हाला अमुक झालंय" असं म्हणू नये, आणि "काही झालेलं नाही हो" असंही म्हणू नये. पहिलं बहुतेकांना पटतं. भांडण होतं ते दुसऱ्यावरून.

हे काम माझ्याकडे का आलं ते सांगते. आमच्या वागळे इस्टेटमध्ये एके काळी कारखान्यात नोकरी केलेली, आता सत्तरीच्या आसपास पोचलेली बरीच मंडळी आहेत. किसननगर, श्रीनगर, कामगार हॉस्पिटलच्या आसपासच्या चाळी-बिल्डिंगांतून राहतात. मशीनवरचं मायक्रोमीटर बिनचूक वाचणारे हे लोक, पण लॅबचा रिपोर्ट येतो इंग्रजीत, तोही आता मोबाइलवर. मुलं-सुना कामावर गेलेल्या असतात. मग "बाई, जरा बघता का?" असं म्हणत दार वाजतं. मी शिकवलं मराठी आणि इतिहास. वैद्यकातलं मला काही कळत नाही, आणि या कामाला ते कळावं लागतही नाही. काळजीपूर्वक वाचता यावं लागतं.

आधी ती "नॉर्मल रेंज" म्हणजे काय ते बघू, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. समजा माझ्या वर्गात ४० मुलं आहेत. सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. सगळ्यात बुटका एक आणि सगळ्यात उंच एक, असे दोघे बाजूला काढले. उरलेल्या ३८ जणांच्या उंचीची जी खालची आणि वरची हद्द, ती झाली त्या वर्गाची "रेंज". ४० पैकी ३८ म्हणजे शंभरात ९५. रिपोर्टातल्या बऱ्याचशा मर्यादा याच रीतीने ठरतात. निरोगी माणसं घ्यायची, निदान १२० तरी घ्यावीत असा संकेत आहे, त्यांच्या रक्तातलं ते ते मोजायचं आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून मधल्या ९५ टक्क्यांची हद्द छापायची.

आता गंमत बघा. बाजूला काढलेला तो बुटका मुलगा काही आजारी नव्हता. तोही माझ्याच वर्गातला धडधाकट मुलगा. म्हणजे निरोगी माणसांतही प्रत्येक चाचणीत वीसात एक जण रेंजच्या बाहेर पडणारच, कारण रेंज आखलीच तशी आहे. आणि एकाच माणसाच्या एकमेकींवर अवलंबून नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर निदान एक तरी आकडा बाहेर जाण्याची शक्यता शंभरात ६४ निघते. हल्ली "फुल बॉडी"च्या पॅकेजमध्ये साठ-सत्तर आकडे येतात. त्यात एखाददुसरा ठळक छापलेला दिसला नाही तरच नवल. तो ठळक ठसा म्हणजे आमच्या प्रगतिपुस्तकातली लाल रेघ नव्हे. "हा आकडा या हद्दीबाहेर आहे" एवढंच तो सांगतो.

आता एक खरा रिपोर्ट घेते. माणूस ओळखू येऊ नये म्हणून इकडचं तिकडे केलं आहे, पण आकड्यांचा मामला असाच होता.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका, वय ६८. साखरेची गोळी आणि बीपीची गोळी चालू. रिपोर्ट आला तेव्हा पुतण्या घरी होता. त्याने मोबाइलवर वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, किडनीचा प्रॉब्लेम आहे, शुगर वाढलीय, रक्त कमी आहे, पोटॅशियम तर डेंजर." वर इंटरनेटवर कुठेतरी वाचून, बीपीच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम वाढतं म्हणून, "ती गोळी आजपासून बंद करा" असंही सांगून तो मोकळा झाला. काका दुपारी जेवले नाहीत. काकू रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या.

मी कागद आणि पेन घेतलं. माझी रीत ठरलेली आहे. सगळ्यात आधी आकडे नाहीच, वरचा चौकोन वाचायचा. नाव, वय, स्त्री की पुरुष, रक्त कधी घेतलं, उपाशीपोटी की जेवणानंतर. हे वाचायला अर्धं मिनिट लागतं, आणि बहुतेक जण तेवढंही वाचत नाहीत. पण छापलेली मर्यादा यावरच अवलंबून असते. याच रिपोर्टात हिमोग्लोबिन होतं १२.४. पुरुषांची मर्यादा छापली होती १३ ते १७, म्हणून शेजारी "कमी" अशी खूण. हाच १२.४ काकूंचा असता तर त्यांची मर्यादा १२ ते १५, आणि खूण आली नसती. तेव्हा नोंदणीच्या खिडकीवर कुणी चुकून पुरुषाच्या जागी स्त्री केलं, तर रक्त तेच राहून खूण बदलते.

मग कागदावर रकाने आखले. चाचणीचं नाव, आकडा, एकक, छापलेली मर्यादा, मागच्या वेळचा आकडा. आणि शेवटचा रकाना रिकामा, "डॉक्टरांना विचारायचं" असा. मग एकेक ओळ मराठीत लिहीत, मोठ्याने वाचत गेले.

"उपाशीपोटीची साखर ११८ मिलिग्रॅम. छापलेली मर्यादा ७० ते १००. म्हणजे मर्यादेच्या वर."

"तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा ६.९ टक्के. इथे रिपोर्टात मर्यादा नाही, तक्ता छापलाय. ५.७ च्या खाली एक गट, ५.७ ते ६.४ दुसरा, ६.५ आणि वर तिसरा."

"क्रिएटिनिन १.३८ मिलिग्रॅम. मर्यादा ०.७० ते १.३०. म्हणजे मर्यादेच्या वर, ०.०८ ने."

"पोटॅशियम ५.९. मर्यादा ३.५ ते ५.१. मर्यादेच्या वर."

"किडनीचा प्रॉब्लेम" आणि "क्रिएटिनिन १.३८, मर्यादा १.३० पर्यंत" ही दोन वाक्यं एकाच ओळीबद्दल आहेत. पण पहिलं ऐकून माणूस जेवत नाही, आणि दुसरं ऐकून तो विचारतो, "मागच्या वेळी किती होतं?" काकूंनी तेच विचारलं. मी जुनी फाइल आणायला सांगितली. आठ महिन्यांपूर्वीचा क्रिएटिनिनचा आकडा १.३५ निघाला. लॅब वेगळी, त्यांची मर्यादा १.२० पर्यंत. म्हणजे तेव्हाही वरच होता. मी मागच्या रकान्यात १.३५ लिहिलं, त्या लॅबची मर्यादाही लिहिली, कारण लॅब बदलली की मशीन, रसायन आणि मर्यादा बदलू शकते. "फारसं वाढलं नाही, म्हणजे बरंच आहे" असं मात्र म्हटलं नाही. का, ते पुढे सांगते.

साखरेच्या ६.९ बद्दल थोडं जास्त सांगायला हवं. रिपोर्टातल्या सगळ्या मर्यादा त्या ४० मुलांच्या रांगेतून आलेल्या नसतात. साखर, कोलेस्टेरॉल यांच्या हद्दी वैद्यकातल्या जाणकारांनी ठरवलेल्या असतात, अमुकच्या वर गेलं की धोका वाढतो म्हणून. आणि काकांना डायबेटिस आहे हे वर्षानुवर्षं माहीत आहे. त्यांना तो ६.५ चा उंबरठा आता काय कामाचा? फाइल चाळताना त्यांच्या डॉक्टरांच्याच अक्षरात सापडलं, "७ च्या आत ठेवायचं". म्हणजे रिपोर्टातली खूण "वर" म्हणते आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या हद्दीच्या तो आत आहे! छापलेली मर्यादा सगळ्यांसाठी असते, डॉक्टरांची हद्द त्या एका माणसासाठी. मी दोन्ही शेजारी शेजारी लिहिल्या. निवाडा लिहिला नाही.

आणि मग शेवटचं पान. हे पान कुणी वाचत नाही म्हणून मी मुद्दाम वाचते. बारीक अक्षरात तळाला एक ओळ होती : नमुना किंचित हीमोलाइझ्ड आहे. हा शब्द तोवर मला ठाऊक झालेला होता. रक्तातल्या तांबड्या पेशी काढताना किंवा नेताना फुटल्या, असा त्याचा अर्थ. सुईतून जोर लावून रक्त ओढलं, नळी जोरात हलली, नमुना प्रवासात बराच वेळ राहिला, अशा कारणांनी पेशी फुटतात. आता पोटॅशियम हे मुख्यतः पेशींच्या आत साठलेलं असतं, बाहेरच्या पाण्यापेक्षा आत तीसपट वगैरे. पेशी फुटली की आतलं बाहेर येतं आणि मशीन ते मोजतं. म्हणजे नळीतलं पोटॅशियम वाढतं, माणसाच्या अंगातलं कदाचित वाढलेलं नसतं. "कदाचित" महत्त्वाचं. खरंच वाढलेलं असूही शकतं, आणि ते कागदावरून कळत नाही.

इथे माझ्या मताची कसोटी लागते. निदान करायचं नाही म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं का? अजिबात नाही. पोटॅशियमचा आकडा मर्यादेच्या इतका बाहेर असेल तर तो त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर जायला हवा. मी काकूंना दवाखान्यात फोन लावून दिला आणि त्यांच्याकडून कागदावरची ओळ जशीच्या तशी वाचून घेतली. आकडा, मर्यादा आणि ती तळाची ओळ. डॉक्टरांनी काकांना छातीत धडधड, हातापायांत अशक्तपणा आहे का विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत त्यांची नावं विचारली, गोळी स्वतःहून बंद करू नका म्हणून सांगितलं आणि लगेच पुन्हा रक्त द्यायला लावलं. संध्याकाळी नवा आकडा आला : ४.७. मर्यादेच्या आत.

आता कल्पना करा, मी तळाची ओळ वाचून स्वतःच म्हटलं असतं, "काही नाही हो, नमुना खराब होता, पोटॅशियम बरोबर असणार." योगायोगाने ते खरंच ठरलं असतं! पण दुसरा नमुना घेतला गेला नसता, आणि पुढच्या एखाद्या घरात तोच धीर जिवावर बेतला असता. म्हणून मी म्हणते, "काही नाही" हेसुद्धा निदानच आहे. आपण त्याला धीर देणं म्हणतो, आणि ते प्रेमाने केलं जातं, एवढाच फरक. एखाद्याचं क्रिएटिनिन गेल्या वर्षी ०.८ होतं आणि यंदा १.२ आलं, तर दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आहेत, खूण कुठेच नाही. "सगळं नॉर्मल" म्हणून आपण रिपोर्ट मिटवतो. पण त्या माणसाच्या मानाने तो आकडा दीडपट झालेला असतो, आणि डॉक्टरला ते विचारात घ्यायचं असू शकतं. नुसते दोन आकडे शेजारी शेजारी वाचून दाखवले असते, तर निदान प्रश्न तरी विचारला गेला असता.

काकांच्या बाबतीत क्रिएटिनिनचंही पुढे झालं. दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी घेता का?" घेत होते! रोज, औषधाच्या दुकानातून परस्पर आणून. अशा काही गोळ्यांनी क्रिएटिनिन वाढू शकतं. काकूंना ते ठाऊक नव्हतं, पुतण्याला नव्हतं, मला तर नव्हतंच, आणि रिपोर्टात ते असण्याचं कारणच नाही. डॉक्टरांनी ती गोळी थांबवली, लघवीची एक तपासणी सांगितली आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू म्हणाले. निदानाला लागणारी निम्मी माहिती रिपोर्टाच्या बाहेर असते, असं मी म्हणते ते यामुळे. ती गोळ्यांच्या डब्यात असते, पायाच्या सुजेत असते, नाडीत असते.

हे माझं एकटीचं सोवळं आहे असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच सही करावी. केंद्राच्या २०१८ सालच्या किमान निकषांत काही लॅबमधल्या एम्एस्सी झालेल्या तज्ज्ञांना सहीची मुभा दिली, पण मत किंवा अर्थ न लिहिता. जो माणूस त्या मशीनपाशी उभा आहे, त्यालाही अर्थ लिहू नको म्हटलं आहे. मग जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याने तो अर्थ का सांगावा?

यावर मला एक आक्षेप नेहमी ऐकावा लागतो. माझी बहीणच म्हणते, "तू फार कोरडी आहेस. माणूस घाबरून तुझ्याकडे येतो आणि तू त्याला पाढे म्हणून दाखवतेस." मला हा आक्षेप समजतो, पण मान्य नाही. घाबरलेल्या माणसाला अंधार जास्त छळतो. "डेंजर" या शब्दाला लांबी-रुंदी नसते. १.३८ आणि १.३० यांना असते. वर्षानुवर्षं मायक्रोमीटर वाचलेल्या माणसाला हद्द किती आणि माप किती हे सांगितलं, तर तो ते पेलतो. उलट आकडा लपवून "तुम्ही काळजी करू नका" म्हटलं, की तो आपल्या चेहऱ्याकडे बघून निदान करायला लागतो. तिसऱ्या ओळीवर बाईंचा आवाज का बदलला? म्हणून मी सगळ्या ओळी एकाच आवाजात वाचते, आतल्याही आणि बाहेरच्याही. शाळेत निकाल वाचताना लागलेली सवय उपयोगी पडते.

"काय झालंय तेवढं सांगा" असं कुणी फारच काकुळतीला येऊन म्हणालं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे : "हा आकडा मर्यादेच्या वर आहे. का आहे ते मला कागदावरून कळत नाही. हा प्रश्न मी या रकान्यात लिहिते, तुम्ही डॉक्टरांना तो विचारा." मग तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहिते. दवाखान्यात पाच मिनिटं मिळतात, त्यात तोंडाला आलेला प्रश्न विसरतो. लिहिलेला विसरत नाही. आणि कुणाला दम लागतोय, छातीत दुखतंय, भान हरपतंय असं दिसलं, तर रिपोर्ट वाचत बसायचंच नाही. आकडे काहीही असोत, आधी दवाखाना.

परदेशात मुलं असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आमच्या नात्यातच हा गोंधळ होतो. आकड्याबरोबर एकक वाचलंच पाहिजे. आपल्याकडे उपाशीपोटीची साखर ११८ मिलिग्रॅम, ती इंग्लंडच्या रिपोर्टात साधारण ६.५ मिलिमोल दिसते. आणि इकडचा तीन महिन्यांच्या सरासरीचा ६.९ टक्के हा आकडा तिकडे ५२ होतो. फोनवर नुसतं "आईची शुगर साडेसहा" म्हटलं, तर इकडच्याला एक वाटतं आणि तिकडच्याला दुसरंच. क्रिएटिनिन १.३८ तिकडे १२२ लिहितात. एककाशिवाय आकडा म्हणजे आडनाव नसलेलं पाकीट, चाळीत कुणाच्याही घरी जातं.

असो. पुतण्यावर माझा राग नाही. त्याने काळजीपोटीच केलं. त्याला मी एवढंच सांगितलं की बाबा, तू इंजिनियर आहेस ना, मग ड्रॉइंगवरचं माप वाचतोस तसं वाच. नाव, माप, एकक, हद्द. तळाची टीप सोडू नकोस. मागचं माप शेजारी ठेव. आणि पार्ट पास की नापास, हा शिक्का ज्याच्या हातात आहे त्यालाच मारू दे.